हॉलच्या भिंतीसाठी लग्नातला एक फोटो

मंचरला आम्ही घर बांधलं तेव्हा लग्नाला आठेक वर्षं झाली होती. स्लॅबचं घर, पुढे छोटा हॉल, आणि हॉलमध्ये दरवाजासमोर एक सलग भिंत. गवंड्याने ती इतकी गुळगुळीत केली होती की रिकामी बघवेना. बायको म्हणाली, "इथं आपला लग्नाचा फोटो लावू. मोठा."

मी लगेच म्हणालो, "फोटो मी निवडतो."

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे पाचवीच्या मुलांकडून फुलदाणी काढून घेतो आणि ती एका बाजूला का कलली हे त्यांना समजावतो. पण त्या दिवसांत माझी अशी ठाम समजूत होती की आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत रचना, तोल आणि रंगसंगती कळणारा माणूस मी एकटाच आहे. लोक मला नमस्कार करायचे ते या कारणासाठी नाही, हे माझ्या लक्षात यायचं नाही.

आमचं लग्न जुन्नरच्या बाजूला, बायकोच्या गावी झालं होतं. खळ्यात मांडव, संध्याकाळचा मुहूर्त. फोटो काढायला नारायणगावचा एक स्टुडिओवाला आला होता. त्याने तीन रोल काढले आणि महिन्याभराने जाड पुठ्ठ्याचा अल्बम दिला. वर मोर, आत पोस्टकार्डाएवढे फोटो. निगेटिव्हही दिल्या, पाकिटात घालून. त्या मी ट्रंकेत डांबरगोळ्यांशेजारी ठेवल्या होत्या आणि "कलेचा वारसा" म्हणून त्या पाकिटाला कुणाला हात लावू देत नव्हतो.

एका रविवारी अल्बम हॉलमध्ये फरशीवर उघडला. बायकोने निवडलेला फोटो पहिल्या पाच मिनिटांतच बाहेर आला. कन्यादानाचा. खाली काशाचं भांडं, त्यावर माझी ओंजळ, माझ्या ओंजळीत तिची, तिच्यावर तिच्या वडिलांची, आणि कडेने सासूबाईंचा हात झारीतून पाण्याची धार सोडतोय. सासरे आमच्या लग्नानंतर चार वर्षांनी गेले. मुलीसोबतचा त्यांचा तेवढाच एक चांगला फोटो होता.

"हा," ती म्हणाली.

मी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला, एक डोळा मिटला. शाळेतून आणलेलं भिंग लावलं. मग घसा साफ केला.

"अगं, यात कुणाचाही चेहरा धारदार नाही. तुझ्या अण्णांचा चेहरा पुसट आहे, तुझी मान खाली. आणि माझा अर्धाच चेहरा आलाय. कान आलाय फक्त."

"कान चांगला आलाय की."

"भावना वेगळी आणि चित्र वेगळं," मी म्हणालो. हे वाक्य मी वर्गातही वापरतो. तिथे निदान मुलं गप्प बसतात.

"बरं, मग तुमचा कंचा?" तिने विचारलं.

माझ्याकडे आधी दुसरेच दोन उमेदवार होते. एक अंतरपाटाचा. पांढरं कापड तिरकं आलेलं, दोन्हीकडे मुंडावळ्या, वर अक्षता उडालेल्या. रचना म्हणून अप्रतिम. बायको म्हणाली, "ह्यात आपण कुठंय? धोतराचा फोटो लावायचा का हॉलमध्ये?" दुसरा खुर्च्यांवरचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर हंस. सगळं स्वच्छ, रेघन् रेघ दिसत होती. त्यात चुलतभावाच्या कोटाच्या बाह्या मला मनगटाच्या चार बोटं वर येत होत्या हेही दिसत होतं. दोघांचेही चेहरे असे की जणू पोलीस पाटलासमोर बसवलंय. तो मीच बाजूला ठेवला.

आणि मग माझा खरा हुकमाचा पत्ता. हार घालण्याचा फोटो. ती हार घालून हात खाली घेतेय, नथ चमकतेय, आणि मी किंचित मान झुकवून तिच्याकडे बघतोय. बघणं असं की मीच ते बघत राहिलो होतो. आठ वर्षं हा फोटो मी मित्रांना दाखवायचो आणि म्हणायचो, "याला म्हणतात नजर. सांगून येत नाही." तिच्या खांद्यामागे, उजव्या कडेला केशरी रंगाचा एक गोळा होता. झेंडूचा ढीग असावा. डाव्या बाजूला तिच्या मामांचा लाल फेटा, उजवीकडे हा केशरी, मध्ये हिरवा शालू. मी बायकोला बोटाने तिन्ही रंग दाखवले आणि तोल म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. "चांगला आहे," म्हणाली. मग हळूच, "पण अण्णा न्हाईत ह्यात."

"अण्णांचा वेगळा करू, छोटा. भिंतीला दर्जा लागतो."

ती स्वयंपाकघरात गेली. मी हे मौन संमती समजलो. नवऱ्यांना ही सवय असते. चित्रकलेच्या शिक्षकांना जरा जास्त.

पुढच्या शनिवारी निगेटिव्हचं पाकीट घेऊन मी एसटीने नारायणगावला गेलो. पण त्याआधी घरी एक शास्त्रीय तपासणी केली होती, ती सांगायलाच हवी. मोठा करायचा फोटो छापील कागदावर तपासून उपयोग नसतो, कागदावर भिंग लावलं तर कागदच दिसतो. निगेटिव्ह बघावी लागते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून खिडकीच्या काचेला निगेटिव्हची पट्टी टेकवून त्यावर भिंग धरलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, हिरवं ते गुलाबी, केशरी ते निळसर. बायकोच्या नथीचे मोती काळे ठिपके दिसत होते, पण काठ धारदार. बस्स, मी समाधान मानलं. माझ्या डोळ्यांत मात्र बुबुळं पांढरी आणि भोवतालचं काळं. बुबुळं कुठल्या कोपऱ्यात आहेत ते मी बघितलं नाही. स्वतःचे डोळे काय तपासायचे? ते तर तिच्याकडेच होते.

स्टुडिओवाला आता जरा पोटाला सुटला होता. मी फोटो दाखवल्यावर त्याचा चेहरा उजळला. "सर, हा माझा बेस्ट फोटो होता! शोकेसमध्ये लावणार होतो, राहूनच गेला." मग आम्ही दोघांनी मिळून त्या फोटोचं इतकं कौतुक केलं की चहा दोनदा मागवावा लागला. तो त्याच्या कॅमेऱ्याचं करत होता, मी माझ्या नजरेचं.

"किती मोठा करायचा?" त्याने विचारलं.

"वीस बाय चोवीस."

"मग कापावा लागेल, सर." त्याने कागदावर चौकट काढून दाखवली. रोलवरचा फोटो लांबट असतो. उंची वीस इंच धरली तर रुंदी तीस होते. चोवीसच्या कागदात बसवायचा तर सहा इंच कुठून तरी जाणार. दोन्हीकडून तीन तीन, नाहीतर एकाच बाजूने सहा.

"डावीकडून काढा सगळं," मी म्हणालो.

"डावीकडे हे पावणे आहेत, फेटेवाले."

"ते बायकोचे मामा. राहू दे, काढा. उजवीकडचा झेंडू महत्त्वाचा आहे. तोल जाईल."

तो म्हणाला, हवं तर पुण्याच्या लॅबमधून आधी एक आठ बाय दहाचा नमुना मागवू. मी हसून नको म्हणालो. नमुना ज्यांना मनात चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी असतो, असंही काहीतरी बोललो असेन. चकचकीत कागद घ्यायचा की मॅट यावर मात्र मी पुष्कळ विचार केला. भिंत दारासमोर, म्हणजे चकचकीत कागदावर दाराचंच प्रतिबिंब पडणार. मॅट घेतला. एवढा एक निर्णय बरोबर आला.

तीन आठवड्यांनी फोटो फ्रेम होऊन आला. सोनेरी नक्षीची चौकट, काच. तो मी एसटीत मांडीवर उभा धरून आणला, गोधडीत गुंडाळून. कळंबच्या अलीकडे गाडीने असा हिसका दिला की समोरच्या बाईंच्या डोक्याला चौकट लागता लागता राहिली. "काय आरसा नेताय का, भाऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "लग्नाचा फोटो." त्यांनी माझ्या डोक्यावरचे पांढरे केस बघितले आणि लग्न नुकतंच झालंय असं समजून मला शुभेच्छा दिल्या.

संध्याकाळी तो भिंतीवर चढवला. डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे माझ्या. मी सहा फुटांचा आहे. मागे सरकून बघितलं. भव्य दिसत होता. बायकोच्या शालूची जर दिसत होती, गळ्यातल्या ठुशीचे मणी दिसत होते. बायकोही बघत राहिली. मला वाटलं, भारावली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. नवं घर बघायला त्या पहिल्यांदाच येत होत्या. पाय धुतले, कॉटवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि समोर बघितलं. बराच वेळ बघत होत्या. मी मुद्दाम जवळच उभा राहिलो, म्हणजे काही विचारायचं असेल तर.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "लई झ्याक निघालाय फोटू. पर तुमी नक्की कुठं बघताय?"

"तिच्याकडे, मामी."

"न्हाई. तिच्याकडं कुठं? तिच्या खांद्याच्या पल्याड बघताय तुमी."

मी फोटोपाशी गेलो. लहान फोटोत माझे डोळे म्हणजे दोन काळे ठिपके होते. आता ते सुपारीएवढे झाले होते, आणि दोन्ही बुबुळं एका कोपऱ्यात गेली होती. मान बायकोकडे झुकलेली, डोळे भलतीकडे. मी बोटाने नजरेची रेघ ओढत गेलो. नथ ओलांडली, खांदा ओलांडला, आणि थेट त्या केशरी गोळ्यावर येऊन थांबलो.

तो झेंडू नव्हता. वेटोळी दिसत होती. पाक चमकत होता. खाली ॲल्युमिनियमच्या घमेल्याचा काठ होता आणि घमेल्याला दोन हात होते.

"जिलेबी हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "अक्षता पडल्या की लगीच पंगत बसवली व्हती ना. वाढपी तितनंच जात व्हते."

मी वळून बघितलं तर बायको दाराच्या चौकटीला टेकून, पदर तोंडात कोंबून हसत होती. खांदे हलत होते.

"तुला आधीच कळलं होतं?"

"काल रात्रीच," ती कशीबशी म्हणाली. "म्हटलं तुमाला दर्जा बघू द्यावा निवांत."

"मी सकाळपासून उपाशी होतो," मी म्हणालो. ते खरंच होतं. नवरदेवाला लग्न लागेपर्यंत काही खायला देत नाहीत. मुहूर्त टळत टळत दिवस मावळायला आला होता. पण ही सबब सांगताना माझ्या लक्षात आलं की आठ वर्षं मी मित्रांना जी नजर दाखवत होतो ती भुकेची होती. आणि त्यातल्या एकालाही काही खटकलं नव्हतं, कारण प्रेमात पडलेला माणूस बहुधा असाच दिसतो.

पुढचे काही दिवस वाईट गेले. गावात बातमी कशी पोचते कुणास ठाऊक. शाळेतले सहकारी चहाला यायला लागले. येत, बसत, समोर बघत आणि गंभीर चेहऱ्याने विचारत, "सर, तोल म्हणजे नेमका कुठे?" बायकोचे मामा आले ते वेगळंच. त्यांना जिलेबीचं काही पडलं नव्हतं. ते फोटोच्या डाव्या कडेशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो कोपर माझाच ना?" फेट्यासकट सगळे मामा मी कापून टाकले होते आणि घमेलं ठेवलं होतं. त्यांनी चहा घेतला, पण बिस्कीट घेतलं नाही.

मी पुन्हा नारायणगावला गेलो. स्टुडिओवाल्याला म्हटलं, उजवी बाजू काप, डावी ठेव. त्याने चौकट सरकवून दाखवली. मामा परत आले, घमेलं गेलं, पण आता बायको अगदी कडेला आली आणि मी फोटोच्या बाहेर कुठेतरी टक लावून बघत होतो. जिलेबी असताना निदान कारण तरी दिसत होतं. मग म्हटलं, फक्त चेहरे घे, मोठे करून. तो म्हणाला, एवढ्याशा तुकड्याचा एवढा मोठा केला तर दाणे दिसतील. या खेपेला मी नमुना मागवला. आला तेव्हा बायकोच्या गालावर रवा सांडल्यासारखं दिसत होतं. माझ्या गालावर तर भगरच.

घरी येऊन मी तो नमुना बायकोसमोर ठेवला. खरं तर लपवणार होतो. तिने बघितला, बाजूला सारला आणि अल्बममधून कन्यादानाचा फोटो काढून माझ्या हातात दिला.

मी तो घेऊन खिडकीशी गेलो. त्याची निगेटिव्ह शोधली, काचेला लावली, भिंग धरलं, आणि या वेळी चेहरे सोडून बाकीचं बघितलं. हात धारदार होते. सगळे हात. सासऱ्यांच्या बोटांवरच्या सुरकुत्या, पाण्याची धार, भांड्याचा काठ. चेहरे मऊ होते कारण कॅमेऱ्याची नजर हातांवर ठरली होती. आणि मग दुसरी गोष्ट दिसली, जी मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. बाकीच्या सगळ्या फोटोंत फ्लॅशमुळे चेहरे पांढरेफटक आणि मागच्या कापडावर काळ्या सावल्या होत्या. या एकात फ्लॅश उडालाच नव्हता. मांडवाच्या कापडातून गाळून आलेला मावळतीचा उजेड हातांवर पडला होता. असा उजेड मी वर्गात फळ्यावर खडूने समजावतो. आणि तो स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या ओंजळीत पडला तेव्हा मी फक्त कान मोजला होता.

या खेपेला नारायणगावला आम्ही दोघं गेलो. स्टुडिओवाल्याने फोटो बघून तोंड वाकडं केलं.

"वहिनी, हा नको. फ्लॅश चार्ज झाला नव्हता त्या वेळी. चेहरे आउट आहेत. माझं नाव खराब होईल."

"तुमचं नाव आमी खाली लिव्हणार न्हाई," बायको म्हणाली.

"वीस बाय चोवीसमध्ये अजून आउट दिसतील."

"मग येवढा मोठा नको. चेहरे किती मोठे केले तर चालतील तेवढाच करा. आणि कापायचा न्हाई. कुणालाबी."

आठ बाय बाराचा नमुना आधी मागवला. मांडवाच्या कापडामुळे सगळ्यांवर लालसर झाक आली होती. ती थोडी कमी करा, पण पार घालवू नका, असं बायकोने चिठ्ठीवर लिहून घेतलं. मग शेवटी बारा बाय अठरा केला, पूर्ण, कुठेही न कापता, भोवती रुंद पांढरी पट्टी सोडून. चौकट साधी, लाकडी. मी मधूनमधून माझं मत देत होतो. कुणी थांबवलं नाही, कुणी ऐकलंही नाही.

भिंतीवर चढवला तेव्हा मला काळजी होती ती सासऱ्यांच्या चेहऱ्याची. लांबून बघितलं तर तो तसाच होता, पुसट, पण त्यांचाच. ते जिवंत असतानाही असेच होते. समोर येऊन बसत नसत, बाजूने असत. त्यांचा माझ्याशी झालेला सगळ्यात लांब संवाद द्राक्षांवरच्या भुरी रोगाबद्दल होता.

सासूबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी मुद्दामच बाहेर अंगणात होतो. आतून हाक आली, "जावईबापू, हिकडं या."

त्या फोटोपाशी उभ्या होत्या, टाचा उंचावून. बोट सासऱ्यांच्या अंगठ्यावर होतं. अंगठा पिवळाजर्द होता, हळदीत बुडवल्यासारखा.

"लग्नाची हळद," मी म्हणालो.

"न्हाई वो. आदल्या दिशी मांडवाची मेढ ठोकताना हातोडा बसला व्हता. नख पार काळं पडलं व्हतं. मी हळद दाबून भरली. म्हणले, कुणाला सांगू नगं, पोरीच्या लग्नात बापाचं दुखनं कशाला." त्यांनी बोट फोटोतल्या झारीवर नेलं. "वरनं मी पानी ओतत व्हते ना, तवा बी म्हणले, जरा हळू."

बायको चहाचे कप घेऊन आली होती. ती तिथेच उभी राहिली. "मला कधी सांगितलं न्हाई तू," ती आईला म्हणाली.

"तू इचारलंच कुठं? तू रडत व्हतीस."

मग दोघी कॉटवर बसल्या आणि अंगठ्यावरून मांडवावर, मांडवावरून मेढ कुणाच्या शेतातली होती यावर गेल्या. मी चहा प्यायलो. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "फोटू लई वर लावलाय. बसून दिसतच न्हाई. हात दिसत न्हाईत मला."

मी उठलो. खिळा एक वीत खाली ठोकायचा होता, फार काही नाही. पण ती भिंत गवंड्याने फारच मन लावून गुळगुळीत केली होती; दुसऱ्याच घावाला बशीएवढा गिलावा निसटून खाली आला आणि सासूबाईंच्या कपात सिमेंट पडलं. तिसऱ्या जागी खिळा बसला. फोटो आता कॉटवर बसणाऱ्या माणसाला नीट दिसतो, उभ्याने बघायचं तर मला वाकावं लागतं. वरच्या भोकांत मी पुट्टी भरली आणि रंग लावला. चित्रकलेचा शिक्षक असूनही तो रंग भिंतीच्या रंगाशी जुळलेला नाही.